प्रतिसाद: दुसरा अंक कापता येईल का?

“‘वेटिंग फॉर गोदो’च्या दुसऱ्या अंकात पहिल्याचेच सगळे पुन्हा येते. मग एकच अंक ठेवला तर काय बिघडेल?”

बेकेटच्या या नाटकात निरोप घेऊन येणाऱ्या मुलाचे दोन्ही प्रवेश शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्या अंकात गोदो आज येणार नाही, उद्या नक्की येईल, हे मुलगा स्वतः सांगतो. दुसऱ्यात तीच वाक्ये गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांपैकी व्लादिमिर उच्चारतो आणि मुलगा केवळ हो-नाही करतो. निरोप तोच असला तरी आता तो ऐकणाऱ्यालाच पाठ झाला आहे, आणि आशेचे सवयीत झालेले हे रूपांतर एकाही पात्राला बोलून दाखवावे लागत नाही. गोदोला काय सांगू, असे मुलाने विचारल्यावर पहिल्या अंकात व्लादिमिर ‘आम्हाला पाहिलेस’ असे सांगायला सांगतो, दुसऱ्यात ‘मला पाहिलेस’ असे. त्या वेळी त्याचा सोबती एस्ट्रागॉन तिथेच झोपलेला असतो. दुसऱ्या अंकातल्या या वाक्यात व्लादिमिर मध्येच अडखळतो आणि पुढे काही न सुचल्याने तेच शब्द पुन्हा म्हणतो. म्हणजे आपल्याला कोणीतरी पाहिले, यापलीकडे कळवण्यासारखे त्याच्याजवळ काहीच उरलेले नाही.

बेळगावात आम्ही काही हौशी मंडळींनी वाचन केले तेव्हा वेळ वाचवण्यासाठी नेमके हेच अडखळणे गाळले होते, आणि प्रवेश निव्वळ निरोप्याचा झाला. (आपल्याकडे हे नाटक लगेच सीमाप्रश्नाला जोडले जाते. २००४पासून न्यायालयाकडे डोळे लावून बसलेल्यांना ते सुचणारच. पण त्या घाईत ‘आम्हाला’चे ‘मला’ झालेले निसटते.)

अखेरचे ‘निघायचे?’ आणि ‘चल, निघू’ दोन्ही अंकांत येतात, मात्र बोलणाऱ्यांची अदलाबदल होते. दोन्ही वेळा कोणी हलत नाही.