मुंजीच्या ग्रुप फोटोत आजोबांना बसवावं का?

बटूची आई
या वैशाखात मुलाची मुंज झाली, सांगलीत. सासऱ्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. नातवाची मुंज बघायची, एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत होते. आता फोटोग्राफर म्हणतोय की घरच्या सोळा जणांच्या फोटोत सासूबाईंच्या खुर्चीमागे त्यांना उभं करून देतो, कोणाला ओळखूही येणार नाही. नवऱ्याला हवंय, नणंद विरोधात आहे. सासूबाईंना अजून कोणी विचारलेलं नाही. सासऱ्यांचा चांगला फोटो २०१६ सालचा आहे, थोरल्या पुतण्याच्या मुंजीतला, सोवळं आणि उपरण्यातला. हे करावं का, आणि करायचं तर नीट कसं?

कृष्णाकाठ
नका करू. मुलगा आठ वर्षांचा असेल ना? वीस वर्षांनी त्याच्याजवळ आठवण उरणार नाही, फोटो उरेल. न्यूझीलंडमध्ये २००२ साली एक प्रयोग झाला होता. वीस तरुणांना त्यांच्या लहानपणीच्या खऱ्या फोटोंबरोबर एक बनवलेला फोटो दाखवला, त्यात ते गरम हवेच्या फुग्यात बसलेले. घरच्यांनी आधीच सांगितलं होतं की अशी सफर कधी झालेली नाही. तरी तिसऱ्या मुलाखतीपर्यंत निम्म्या जणांना ती थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवायला’ लागली. तुमच्या मुलालाही आजोबा मांडवात होते असं आठवेल. जे गेले त्यांची खरी उणीवसुद्धा त्याच्या वाट्याला यायला हवी.

वाईची काकू
मला हे पटत नाही. मुंजीच्या आधी नांदीश्राद्ध केलंत ना? त्यात मुलाच्या वडिलांनी स्वतःच्या वडिलांचं नाव घेतलंच असेल. मंगलकार्याला पितरांना आधी बोलावायचं, मगच पुढचं, ही आपली रीत आहे. एरवीचं श्राद्ध अपसव्याने होतं, हे मात्र सव्यानेच करतात, तिळांच्या जागी जव घेतात, कारण इथे पितर आनंदाच्या रूपाने येतात. मग फोटोत आजोबा उभे राहिले तर खोटं काय झालं?

कृष्णाकाठ
काकू, नांदीश्राद्धात आपण त्यांना बोलावतो, ते देहाने आलेत असं कोणी म्हणत नाही. फोटो मात्र नेमकं तेच म्हणतो.

दादर पश्चिम
आमच्याकडे तर गेलेल्यांची तसबीर दक्षिणेच्या भिंतीवर लावतात आणि शुभकार्यात तिला चंदनाचा हार घालतात. मुंजीच्या फोटोत हार दिसला तर काही अशुभ नाही. निःशंक मनाने लावा.

बटूची आई
तसबिरीचं नाही विचारत मी. ती मांडवात नव्हतीच, आणायची कोणाच्या ध्यानात आलं नाही. ग्रुप फोटोतच त्यांना बाकीच्यांसारखं उभं दाखवायचं म्हणतोय फोटोग्राफर.

शटर
करायचं असेल तर सोपं आहे. आधी उजेडाची दिशा बघा. २०१६च्या फोटोत उजेड डावीकडून असेल आणि मांडवात उजवीकडून, तर आजोबांचा फोटो आडवा उलटा करायचा, आरशासारखा. सावल्या लगेच जुळतात. आकार कमी पडला तर वाढवून घ्यायचा, आता चांगलं वाढवता येतं.

मिरजेचा रिटचर
उजेडाचं तुम्ही बरोबर सांगितलंत. बसवलेला माणूस पहिल्यांदा उजेडातच उघडा पडतो. पण इथे फोटो उलटा करू नका, आणि मोठा तर मुळीच करू नका. मी तेवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजोबा सोवळ्यात आहेत, म्हणजे अंगावर जानवं दिसत असणार. ते डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीत येतं. फोटो उलटा केला की ते उजव्या खांद्यावर जाईल, म्हणजे अपसव्य झालं. नातवाच्या गळ्यात त्याच दिवशी पडलेलं जानवं सव्य आणि मागे उभ्या आजोबांचं पितृकार्यासारखं अपसव्य! माझ्याकडे असा एक फोटो दुसरीकडून ‘तयार’ होऊन आला होता. घरातल्या एकाही तरुणाच्या लक्षात आलं नाही, पण गुरुजींनी अल्बम हातात घेताच पान मिटलं. जानवं उपरण्याखाली झाकलेलं असलं तरी चेहरा उलटा होतोच. भांग, गालावरचा तीळ, किंचित खाली उतरलेली एक भुवई, सगळं बाजू बदलतं. तो उलटा चेहरा आरशात फक्त आजोबांनी पाहिला होता, आजींनी पन्नास वर्षं सुलटाच पाहिला. आजींना काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण ‘हे ते नव्हेत’ एवढं त्या नक्की म्हणतील.

म्हणून दोन्ही फोटोंमध्ये आधी नाकाची सावली कुठे पडते ते बघायचं. मांडवात वर पांढरं कापड होतं का? असेल तर उजेड पसरट असतो, सावल्या मऊ असतात, आणि अशा फोटोत बाजूचा थोडा फरक खपतो. चेहऱ्याची एक बाजू कर्व्हजने हलकी उजळायची, दुसरी किंचित दाबायची. पण २०१६च्या फोटोत फ्लॅशची कडक सावली मानेवर पडलेली असेल तर तो फोटो सोडून द्या, दुसरा शोधा. कडक सावली पुसायला गेलं की त्वचा मेणासारखी दिसते.

आता आकाराचं. सोळा माणसं दोन रांगांत, सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो, म्हणजे एकेक डोकं साधारण तीनशे पिक्सेल भरतं. बारा बाय अठराच्या प्रिंटमध्ये ते जेमतेम एक इंच होतं. त्यामुळे जुन्या फोटोत आजोबांचं डोकं चारशे-पाचशे पिक्सेल असलं तरी पुष्कळ, ते लहान करून बसवायचं. लहान केलेलं चालतं, ताणलेलं दिसतं. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत घेऊ नका. मूळ फोन, कार्ड किंवा त्या वेळच्या फोटोग्राफरची सीडी शोधा. हातभर अंतरावरून काढलेला फोनमधला चेहराही टाळा. त्यात नाक मोठं येतं आणि कान मागे जातात, आणि बारा-पंधरा फुटांवरून काढलेल्या बाकीच्या चेहऱ्यांत तो वेगळा पडतो. पुतण्याच्या मुंजीतलाही ग्रुप फोटोच असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

उंची अंदाजाने ठरवू नका. आजोबा आणि तुमचे मिस्टर शेजारी उभे असलेला जुना फोटो काढा. आजोबांची टाळू मुलाच्या कानाच्या टोकापर्यंत येत होती की भुवईपर्यंत, ते बघा आणि तेच प्रमाण इथे ठेवा. खुर्चीमागची जागा फोटोग्राफरने बरोबर सुचवली आहे. पाय आणि जमिनीवरची सावली लागत नाही, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. त्यांचा हात मात्र कोणाच्या खांद्यावर ठेवायचा नाही. त्या खांद्याला तो स्पर्श झालेला नाही. आणि हात ठेवला तर कापडावर चुणी पडायला हवी, ती कुठून आणणार?

शेवटी रंग काढून दोन्ही फोटो काळे-पांढरे करून शेजारी ठेवा. आजोबांच्या केसांतला काळा रंग बाकीच्यांपेक्षा फिका किंवा गडद असला तर लगेच कळतो. धार जरा जास्त तीक्ष्ण असेल तर अर्धा-पाऊण पिक्सेल मऊ करा, आणि मांडवाच्या फोटोत जेवढे रवे आहेत तेवढेच आजोबांवर घाला.

टोरांटोहून
आम्ही माझ्या भावाला बहिणीच्या लग्नाच्या फोटोत असंच घातलं होतं, व्हिसा मिळाला नव्हता म्हणून. सगळे खूश. एवढा विचार कशाला करायचा?

कृष्णाकाठ
तुमचा भाऊ तो फोटो बघून ‘छान झालाय’ किंवा ‘काढून टाका’ म्हणू शकतो. आजोबा दोन्हींतलं काही म्हणू शकत नाहीत. रिटचर काका, तुमचं काम मनापासून आवडलं, पण जितकं बेमालूम होईल तितकं मला ते जास्त सलतं.

मिरजेचा रिटचर
तुमचं म्हणणं मी टाळत नाही. आपल्याकडे हे नवं नाही. नाथद्वाऱ्याच्या जुन्या मनोरथ चित्रांत यात्रेकरूंच्या फोटोतले चेहरे कापून रंगवलेल्या अंगावर चिकटवलेले आहेत, श्रीनाथजींसमोर हात जोडलेले. पण तिथे रंगवलेलं अंग आणि फोटोतला चेहरा वेगवेगळे कळतात. बघणाऱ्याला कोणी फसवत नाही.

म्हणून ‘ओळखूही येणार नाही’ असं मी कधी कबूल करत नाही. उजेड, उंची, धार नीट जुळवतो, कारण ओबडधोबड चिकटवलेला माणूस हा त्याचा अपमान आहे. मग रंग मात्र एक पायरी उतरवतो. सगळे रंगीत, आजोबा जरा फिके, जुन्या प्रिंटसारखे. खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापतो: ‘आजोबा, स्मृतिरूपाने. त्यांचं छायाचित्र २०१६चं.’ हे पट्टीवरच हवं, मागच्या बाजूला लिहून भागत नाही, कारण फ्रेम झाली की मागची बाजू कोणी बघत नाही. मूळ सोळा जणांचा फोटो अल्बममध्ये आधी, हा नंतर. फाइलच्या माहितीतही तेच वाक्य टाकतो, म्हणजे पुढे फोनवरून फिरली तरी सोबत राहतं. अर्थात व्हॉट्सॲप ती माहिती काढून टाकतं, म्हणून पट्टी कापू नका.

कृष्णाकाठ
पट्टी असेल तर माझा विरोध बराचसा मावळतो. सगळा नाही.

रेणुका
इतक्या जणांनी लिहिलं, पण आजींच्या कपाळाकडे कोणी पाहिलं का? मुंजीच्या दिवशी त्यांनी कुंकू लावलं होतं? गळ्यात मंगळसूत्र होतं? नसेल, तर मागे नवरा उभा आणि पुढे बायकोचं कपाळ मोकळं, असा फोटो होईल. माझ्या आईच्या बाबतीत झालंय हे. भावाने मोठ्या हौसेने फ्रेम आणली. आईने ती पाहिली आणि फक्त पदर सारखा केला. फ्रेम कपाटावर गेली ती अजून तिथेच आहे.

शटर
मग आजींना कुंकूही लावून देता येईल, दोन मिनिटांचं काम आहे.

मिरजेचा रिटचर
नाही. जिवंत माणसाच्या अंगावर त्याला न विचारता काही चढवायचं नाही, उतरवायचं नाही. रेणुकाताई, हे माझ्या मनात यायला हवं होतं. मी उंची आणि सावल्या मोजत बसलो.

वाईची काकू
आजींना विचारायचं, पण फोटो तयार करून समोर ठेवून नव्हे. तयार फोटोला नाही म्हणणं फार अवघड असतं, मुलाचं मन मोडतं ना. आधी नुसतं बोला. आणि एकटीने विचारा, सगळे जमलेले असताना नको.

बटूची आई
आज दुपारी विचारलं. दोघीच होतो, शेंगा सोलत होतो. कपाळावर त्या दिवशी त्यांनी काहीच लावलं नव्हतं, मी फोटो पुन्हा बघून आले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या मागे नको. बटूच्या बाजूला उभे करा, त्यांना त्यालाच बघायचं होतं.”

बटू पुढच्या रांगेत आहे, हातात पळसाचा दंड घेऊन. तिथे पाय दिसतील, सावली लागेल. रिटचर काका, जमेल का? नणंदेला अजून सांगितलेलं नाही.

मिरजेचा रिटचर
बटूच्या डाव्या हाताला किती जागा मोकळी आहे, आणि २०१६च्या फोटोत आजोबांचे पाय आलेत का, ते आधी बघून सांगा. पाय नसतील तर दुसऱ्या कोणाचे जोडणार नाही. मग बटू आणि आजोबा असा कमरेपर्यंतचा वेगळा, लहान फोटो करू, आणि सोळा जणांचा आहे तसाच राहू दे.