झाकून वाचा

> पहिल्याच ओळीत 'काळीज फाटलं' लिहिलं तर बिघडलं कुठे? दुःख खरंच झालं होतं.

झालंच असणार. पण तुमच्या आजीवरच्या या कवितेत पहिल्या ओळीला वाचकाला आजी अजून भेटलेलीच नाही! ती ओळ बोटाने झाकून कविता वाचा. चौथ्या कडव्यात दांडीला दोरा गुंडाळलेला आजीचा चष्मा आहे आणि तुम्ही तो रोज पुसून परत फळीवर ठेवता. मी तिथे थांबलो. काळीज तिथेच फाटतं, न सांगता. आता दुसऱ्या कडव्यातली 'असह्य पोकळी' झाकली तर मागे काहीच उरत नाही, म्हणजे ते अख्खं कडवंच उसनं. पहिली ओळ ठेवायचीच असेल, तर चष्मा दुसऱ्या कडव्यात आणा. आधी केलेली घोषणाही चालते, पुढच्या ओळींनी ती लगेच फेडली तर. चौथ्या कडव्यापर्यंत उधारी फार लांबते.