बजेट अडीच लाख करू का? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

मेघना (बी-३०४): मंडळी, माझ्या साड्यांच्या ऑनलाइन दुकानाबद्दल विचारायचंय. गूगलवरच्या जाहिराती एक एजन्सी बघते. जाहिरातीवर जेवढा खर्च होईल त्याच्या १५ टक्के ही तिची फी. एप्रिलमध्ये खर्च १ लाख, विक्री ४ लाख. मेमध्ये त्यांनी खर्च १ लाख ६० हजारांवर नेला, विक्री ५ लाख २० हजार झाली. रिपोर्टात लिहिलंय, "ROAS ३.२५, कामगिरी उत्तम, जूनमध्ये बजेट अडीच लाख करावं." करू का?

कुलकर्णी काका (ए-१०२): ROAS म्हणजे काय गं?

मेघना: जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली ते, काका.

कुलकर्णी काका: बरं. आणि अडीच लाखांवर त्यांची फी किती होते?

मेघना: साडेसदतीस हजार. एप्रिलमध्ये १५ हजार होती.

कुलकर्णी काका: काम अडीचपट वाढणार आहे का? आपल्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी सल्लागाराची फी कामाच्या एकूण रकमेवर टक्क्याने होती, आठवतंय ना? मग "टेरेसही करून घ्या" हा सल्ला कुठून आला ते सगळ्यांना माहीत आहे.

वॉचमन केबिन: पाण्याचा टँकर आला आहे. सी विंगसमोरची पांढरी स्विफ्ट काढा.

सचिन (सी-५०१): गाडी काढली. मेघना, मी सहा वर्षं अशाच एजन्सीत होतो म्हणून सांगतो. बजेटचा आकडा वाढवायला दोन मिनिटं लागतात. ज्या शोधांवर जाहिरात दिसायला नको ते शब्द छाटायला, फुकट जाणारा खर्च शोधायला तास जातात, आणि ते नीट केलं की खर्च कमी होतो, म्हणजे आपलीच फी कमी होते. कोणी ठरवून फसवतो असं नाही. पण रिपोर्ट लिहिताना दहा सूचना सुचल्या, तर बजेट वाढवायची सूचना आपोआप पहिल्या पानावर जाते.

कुलकर्णी काका: ही १५ टक्क्यांची रीत जुनी आहे बरं का. मी वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात होतो. तेव्हा मान्यताप्राप्त एजन्सीला जाहिरातीच्या दरावर १५ टक्के कमिशन वर्तमानपत्रच द्यायचं. पान जितकं मोठं तितकं कमिशन मोठं. अर्ध्या पानाऐवजी पाव पान पुरेल, असं सांगणारा एजन्सीवाला मला तरी भेटला नाही 😀

सचिन: मेघना, साडीवर तुला शंभरातले किती सुटतात? माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता.

मेघना: साधारण ४० रुपये.

सचिन: मग ३.२५ बघू नकोस. ती सगळ्या खर्चाची सरासरी आहे. वाढवलेल्या ६० हजारांनी किती आणलं ते बघ. विक्री ४ लाखांवरून ५ लाख २० हजार, म्हणजे १ लाख २० हजार जास्त. त्यात तुला सुटले ४८ हजार. त्यासाठी गेले ६० हजार, वर एजन्सीचे ९ हजार. २१ हजारांचा खड्डा. पहिले लाख चांगले कमावत होते, म्हणून सरासरीत तो दिसला नाही.

मेघना: अरे देवा. म्हणजे विक्री वाढली आणि मी मागे गेले?

सचिन: हो. तुझ्या हिशोबात वाढीव रुपयाला निदान २.८८ रुपयांची विक्री यायला हवी. १.१५ भागिले ०.४०. वरचे १५ पैसे फीचे. तुझ्या वाढीव रुपयाने आणले २.

जोशी काकू (ए-४०३): थांबा जरा. एप्रिल-मे लग्नसराई. कोणत्या आठवड्यात मुहूर्त किती, यावर साड्यांची विक्री हलते. माझं स्वतःचं ब्लाऊज शिवणाचं काम त्यावरच चालतं. नुसत्या दोन महिन्यांवरून जाहिरातीला दोष कसा द्यायचा?

सचिन: काकूंचं बरोबर आहे. हा हिशोब शंका घ्यायला पुरतो, निकाल द्यायला नाही. खात्री करायची तर शांत महिन्यात तीन आठवडे बजेट एक तृतीयांश कमी करायचं आणि एजन्सीच्या रिपोर्टातली विक्री न बघता दुकानाची एकूण विक्री बघायची. आणि रोज तीन-चारच ऑर्डर असतील तर थोड्या फरकावर उड्या मारायच्या नाहीत, तो योगायोगही असू शकतो.

मेघना: रिपोर्टात अजून काय बघू?

सचिन: दुकानाचं नाव टाकूनच शोधणाऱ्यांवर किती खर्च झाला आणि त्यातून किती विक्री दाखवली, हे वेगळं माग.

मेघना: खात्यात वेगळी कॅम्पेन आहे त्याची. थांब, एप्रिलचं बघते... खर्च १० हजार, विक्री १ लाख ६० हजार.

सचिन: म्हणजे उरलेल्या ९० हजारांनी आणले २ लाख ४० हजार. २.६७ पट. २.८८ च्या खालीच. तुझं नाव टाइप करणाऱ्या बाईला साडी कुठून घ्यायची ते आधीच ठाऊक होतं, ती जाहिरातीशिवायही बहुधा आली असती. तिची विक्री मिसळली की सगळा रिपोर्ट देखणा दिसतो.

मेघना: पण तिला माझं नाव आधीच्या एखाद्या जाहिरातीतूनच कळलं असेल तर?

सचिन: असू शकतं, म्हणून तो आकडा शून्य धरू नकोस. पण एकत्रही दाखवू देऊ नकोस. Performance Max, म्हणजे गूगल स्वतःच सगळीकडे जाहिरात दाखवतं ती कॅम्पेन, चालू असेल तर त्यातही नावाचे शोध मिसळतात, तिथे स्वतःचा ब्रँड वगळायची सोय आहे. ती लावली आहे का, एवढं विचार.

जोशी काकू: आणि कॅश ऑन डिलिव्हरीची परत आलेली पार्सलं? ती विक्रीत धरलीत का?

मेघना: काकू, नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. ऑर्डर पडली की रिपोर्टात विक्री मोजली जाते. एप्रिलमध्ये ३० हजारांचा माल परत आला, मेमध्ये ५५ हजारांचा.

सचिन: मग मेचे सुटलेले २ लाख ८ हजार, त्यातून खर्च आणि फीचे १ लाख ८४ हजार वजा. उरले २४ हजार. परतीमुळे त्यातले २२ हजार गेले. हातात २ हजार, तेही परतीचं कुरिअर न धरता. एप्रिलमध्ये याच हिशोबाने ३३ हजार उरले होते.

कुलकर्णी काका: आणि एजन्सीचे १५ चे २४ हजार झाले. वा!

सचिन: खात्यात Change history उघड. मे महिना निवड. कोणी, कधी, काय बदललं ते ओळीने दिसेल.

मेघना: चार नोंदी. चारही बजेट वाढवल्याच्या. रिपोर्टात "सातत्याने ऑप्टिमायझेशन" लिहिलंय 😐

कुलकर्णी काका: मग सरळ ठरावीक पगार द्या त्यांना.

सचिन: काका, ठरावीक फीत वेगळी खोट आहे. पैसे मिळणारच, मग हात कोण लावतो? मेघना, मधला रस्ता सुचवतो. फी तीन महिन्यांसाठी आजच्या खर्चावर गोठवायची. बजेट वाढलं तरी तिमाही संपेपर्यंत फी वाढणार नाही, कमी झालं तरी कापली जाणार नाही. मग "कमी करा" म्हणण्यात त्यांचं नुकसान उरत नाही. आणि एक प्रश्न टाक: "उद्या मी बजेट २५ टक्के कापलं तर तुम्ही नेमकं काय बंद कराल?" चांगला माणूस दोन-तीन कॅम्पेनची नावं कारणासकट देतो. "सगळीकडे थोडं थोडं कमी करू" असं आलं, तर कुठला रुपया वाया जातो ते त्याने बघितलंच नाही.

मेघना: पाठवला प्रश्न. रविवार आहे, उत्तर उद्याच येईल.

मेघना: उत्तर आलंसुद्धा. "मॅडम, बजेट कापलं तर लर्निंग बिघडेल. उद्या कॉल करूया का?"

सचिन: मोठा बदल केला की सिस्टिमला सावरायला काही दिवस लागतात, तेवढं खरं आहे. पण कॅम्पेनचं नाव एकही आलं नाही. कॉलच्या आधी यादी लेखी माग.

जोशी काकू: आणि मेघना, ती अंजिरी नारायणपेठ परत आली असेल तर मला दाखव. मी घेते.