मदत हवी आहे: दोन औषधांनी न हटलेल्या नैराश्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना पत्र कसे लिहावे?

कृष्णाकाठ:
मी सांगली जिल्ह्यातील एका लहान गावात जनरल प्रॅक्टिस करतो. ज्यांच्याविषयी विचारत आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ५२, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. गेले १४ महिने पहाटे तीनला जाग येते, जेवणावरची वासना गेली आहे, वजन सहा किलोंनी उतरले आहे आणि नातवाला जवळ घ्यावेसे वाटत नाही, असे ते स्वतःच सांगतात. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चार आठवडे आणि नंतर २० मिलिग्रॅम नऊ आठवडे दिले. झोप थोडी सुधारली, मन होते तसेच राहिले. त्यानंतर सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम दोन आठवडे आणि १०० मिलिग्रॅम आठ आठवडे दिले, ते अजून चालू आहे. पीएचक्यू-९ चे गुण सुरुवातीला २१ होते, आज १८ आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी चालू आहे.

साठ किलोमीटरवरच्या मनोविकारतज्ज्ञांची दहा दिवसांनंतरची वेळ मिळाली आहे. माझे पत्र सध्या एवढेच आहे: "उपचारांना दाद न देणारे नैराश्य, दोन औषधे अयशस्वी, कृपया पुढील उपचार करावेत." हे लिहून झाल्यावर मलाच ते अपुरे वाटले. पत्र हाती पडल्यावर तज्ज्ञांना नेमके काय वाचायला मिळावे, हे जाणकारांनी सांगावे.

सह्यगिरी:
मी फिजिशियन आहे. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही फरक नाही, म्हणजे व्याख्या पूर्ण होते. तेव्हा आपले निदान पत्रात ठामपणे लिहावे. थायरॉइडची तपासणी जोडावी. माझे मत असे की दहा दिवस वाया घालवू नयेत, लिथियम कमी मात्रेत आपणच सुरू करून पाठवावे. तज्ज्ञही पुढे बहुधा तेच करतील.

पाणवठा:
मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि अशी पत्रे मला रोज येतात. सह्यगिरी यांनी व्याख्या बरोबर सांगितली आहे, परंतु तिच्यातला "देऊनही" हा शब्द मला अडतो. आपण दिलेले औषध आणि रुग्णाच्या पोटात गेलेले औषध यांत पुष्कळदा अंतर असते, आणि पत्रात नेमके तेच नसते. रुग्णाला रिकाम्या स्ट्रिप घेऊन बोलवावे, नाहीतर मेडिकलवाल्याकडची बिले पाहावीत. "गोळ्या नियमित घेता ना?" असे विचारले तर उत्तर "हो" असेच येते, "गेल्या आठवड्यात किती दिवस राहिली?" असे विचारले की खरे उत्तर मिळते.

लिथियम मात्र कृपया सुरू करू नये. हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे मूत्रपिंडे लिथियम रोखून धरतात, टेल्मिसार्टननेही रक्तातील पातळी वाढू शकते, आणि हे रुग्ण दोन्ही घेत आहेत. हात कापणे, जुलाब, चालताना तोल जाणे अशा लक्षणांनी विषबाधा सुरू झाली तर दहा दिवस ती कोणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून रक्तदाबाच्या गोळीचे नाव व मात्रा पत्रात लिहावी आणि टीएसएच, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन यांचे अहवाल सोबत द्यावेत. सर्ट्रालिनही एकाएकी बंद करून पाठवू नये.

आणखी दोन गोष्टी. पत्नीला एकटीला बसवून विचारावे की पूर्वी कधी असे दिवस होते का, ज्यांत हे फार कमी झोपूनही ताजेतवाने असत, पैसा सैल सोडत आणि बोलणे थांबत नसे. तसे असेल तर हे मुळात दुसऱ्या प्रकारचे नैराश्य असू शकते आणि तेच औषध वाढवत जाणे चुकीचे ठरेल. दुसरे, मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारून त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे. ठरवलेली योजना असेल तर पत्रावर विसंबू नये, त्याच दिवशी फोन करून पाठवावे.

निशिगंध:
मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना असेच पत्र देऊन पाठवले होते. त्यांनी एस.टी.त लिफाफा उघडला, "रेझिस्टंट" हा शब्द वाचला आणि आपल्याला आता औषधच उरले नाही असा अर्थ घेतला. ते मधल्या थांब्यावर उतरून घरी परत आले आणि पुढे सात महिने कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाहीत. रुग्ण पत्र वाचणारच, हे धरून ते लिहावे, एवढी विनंती.

माळरान:
सांगलीकडचे हे मनोविकारतज्ज्ञ कोण, त्यांचे नाव मिळेल का? माझ्या भावालाही दाखवायचे आहे.

पाणवठा:
धाग्यावर कोणाचे नाव देणे योग्य नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तेथे मराठीत बोलता येते आणि जवळच्या सेवेची माहितीही मिळते.

कृष्णाकाठ:
काल रुग्ण प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या स्ट्रिप घेऊन आले. १०० मिलिग्रॅमच्या आठ आठवड्यांना ५६ गोळ्या लागायला हव्या होत्या. दहा-दहाच्या तीनच स्ट्रिप निघाल्या आणि मेडिकलची बिलेही तेवढीच. कारण विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "गोळीनं पोट ढिलं व्हायचं. गळीत हंगामात काट्यापुढं ट्रॉल्यांची रांग असते, उठून जाता येत नाही. पाळी असली की गोळी खायचो नाही." जुलाब हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे, मी तो विचारलाच नव्हता. एस्सिटालोप्रामच्या स्ट्रिप मात्र पूर्ण जुळल्या.

पत्नीने सांगितले की नऊ वर्षांपूर्वी कारखान्याच्या निवडणुकीत हे दोन आठवडे रात्री तीन तास झोपत आणि त्याच सुमारास घरात न विचारता कर्ज काढून दुसरा ट्रॅक्टर घेतला. निवडणुकीत सगळा गावच जागा असतो, म्हणून यावरून काय ठरवावे हे मला कळत नाही. मरणाविषयी ते म्हणाले, "झोपेतच गेलो तर बरं होईल, पण हातानं काही करणार नाही." गोठ्यातील कीटकनाशकाचा डबा त्यांच्या पत्नीने माझ्यासमोर फोन करून दिराच्या घरी हलवायला लावला.

पत्राचा मुख्य भाग आता असा आहे: "एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅम नऊ आठवडे, नियमित, झोपेत अल्प सुधारणा, मनःस्थितीत नाही. सर्ट्रालिन १०० मिलिग्रॅम आठ आठवडे, प्रत्यक्षात सुमारे निम्म्या गोळ्या. जुलाबामुळे कामाच्या दिवशी टाळल्या. सध्या चालू आहे, बंद केलेले नाही. मरण यावे असे वाटते, स्वतःहून काही करण्याचा विचार नाही असे सांगतात. पत्नीने सांगितलेली नऊ वर्षांपूर्वीची घटना तिच्याच शब्दांत सोबत लिहिली आहे. निदान मी केलेले नाही. आपल्याकडून अपेक्षा: निदानाची फेरतपासणी आणि पुढील औषधाची निवड, रक्तदाबाचे औषध बदलायचे असल्यास मी इथे बदलून देईन."

सह्यगिरी:
लिथियमबाबत माझी चूक झाली, थायझाइडकडे माझे लक्ष गेले नाही. तरीही सर्ट्रालिनचा प्रयत्न पूर्ण बाद धरावा असे मला वाटत नाही. अर्ध्या गोळ्यांनीही थोडा तरी फरक दिसायला हवा होता.

पाणवठा:
मी तो मोजणार नाही. माझे काही सहकारी मोजतील, आणि ट्रॅक्टरची हकीकत समोर बसून ऐकल्याशिवाय मीही पुढचे बोलणार नाही. पत्र उत्तम झाले आहे. एकच सुचवतो: ते देताना त्यांना वाचून दाखवावे.

कृष्णाकाठ:
आज संध्याकाळी ते दोघे येणार आहेत, तेव्हा वाचून दाखवतो. पत्नीने सांगितलेली हकीकत त्यांच्यादेखत वाचावी की नाही, हे आधी तिला विचारायला हवे.