अनुभव धागा: परदेशातल्या पार्सलवर दारात मागितलेले पैसे

गंगापूर रोड, धागा सुरू करणारी

माझ्या नणंदेनं न्यूजर्सीहून मुलासाठी जॅकेट आणि बूट पाठवले. गेल्या मंगळवारी दुपारी कुरिअरवाला दारात. घरी फक्त सासूबाई. तो म्हणाला, "मावशी, कस्टमचे ७,५२५ रुपये द्या, मग पार्सल." सासूबाईंना वाटलं, लेकीनं पाठवलेल्या वस्तूचे पैसे तिनं भरलेच नाहीत की काय! त्यांनी मला फोन लावला, मी ऑफिसात. तो थांबायला तयार नाही, पार्सल परत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पैसे भरले.

आतला माल १०० डॉलरचा. हातात पडलेल्या पावतीवर तीन ओळी: ड्युटी ६,६४०, आगाऊ भरणा शुल्क ७५०, जीएसटी १३५. यातलं सरकारचं किती आणि कुरिअरचं किती? कोणावर अशी वेळ आली असेल तर सविस्तर लिहा.

कॉलेज रोड

ताई, सरळ फसवलंय तुम्हाला. गिफ्टवर ड्युटी नसते, २० हजारांपर्यंत माफ असते. नणंदेनं डब्यावर गिफ्ट लिहिलं असतं तर एक रुपया लागला नसता. माझ्या काकांनी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून घड्याळ पाठवलं होतं, काही भरावं लागलं नाही. आणि ड्युटीवर परत जीएसटी? म्हणजे करावर कर! अशा वेळी पार्सल घ्यायचंच नाही, त्यांनाच परत नेऊ दे.

पंचवटी

मुंबईत कस्टम क्लिअरिंगच्या कामात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त होऊन गोदाकाठी फिरतो. कॉलेज रोडच्या भाऊंचं २०१७चं बरोबर आहे, आजचं नाही. डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून माफी मिळत नाही. अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. तीही नुसती राखी, सोबतची चॉकलेटं नव्हेत. शिवाय ड्युटी शंभर रुपये किंवा त्याहून कमी निघाली तर ती वसूल करत नाहीत. म्हणून काहींची छोटी पाकिटं बिनबोभाट येतात आणि त्यांना वाटतं, सगळ्यांनाच माफी आहे.

आता तुमच्या तीन ओळी. पहिली सरकारची. माल विमानतळावर उतरला की कुरिअर कंपनी तुमच्या वतीनं कागद दाखल करते, ड्युटी स्वतःच्या खात्यातून भरते आणि नंतर दारात वसूल करते. त्या उसनवारीचा मोबदला म्हणजे दुसरी ओळ. तो कंपनीचा दर, कस्टमशी त्याचा संबंध नाही. तिसरी ओळ त्या मोबदल्यावरचा १८ टक्के जीएसटी: ७५० वर १३५, बरोबर आहे. म्हणजे ड्युटीवर हा जीएसटी लागलेला नाही. लागला असता तर ती ओळ तेराशेच्या पुढे गेली असती, तसं कधी दिसलं तर जरूर भांडा. मात्र ड्युटीच्या आत आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, असतो आणि तो मूळ ड्युटी मिळवून आलेल्या रकमेवर लागतो. तेवढ्यापुरतं भाऊंचं "करावर कर" खरं.

पण माझं लक्ष ६,६४० वर गेलं. १०० डॉलरच्या मालाला हे जास्त वाटतंय. नणंदेनं पाठवायला किती खर्च केला?

गंगापूर रोड

विचारलं. ८५ डॉलर! विमा वेगळा काढला नव्हता.

पंचवटी

मग बहुतेक तिथंच गोम आहे. ड्युटी नुसत्या मालावर लागत नाही, माल अधिक वाहतूक अधिक विमा अशा बेरजेवर लागते. पण विमानानं आलेल्या मालाला वाहतूक म्हणून मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही, प्रत्यक्ष खर्च कितीही होवो. हे मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांतच आहे. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात.

तुमच्या बाबतीत १०० अधिक २० अधिक १.१२५, म्हणजे १२१ डॉलरच्या आसपास. कुणी ८५ डॉलर जसेच्या तसे टाकले असतील तर बेरीज १८६ वर जाते. ड्युटी बेरजेच्या प्रमाणात असते, त्यामुळे ६,६४० च्या जागी साधारण ४,३२० निघायला हवे होते. तेवीसशेचा फरक.

हा अंदाज आहे. खात्री कंपनीनं कस्टमकडे दाखल केलेल्या कागदावरूनच होईल. त्याचं नाव कुरिअर बिल ऑफ एंट्री. दारातली पावती म्हणजे तो कागद नव्हे. एअरवे बिलचा, म्हणजे पार्सल ट्रॅक करायचा, नंबर देऊन कंपनीकडून पीडीएफ मागवा आणि त्यात वाहतुकीच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा.

नाशिकरोड

आमच्या वेळी जकात नाक्यावर असंच व्हायचं. ट्रकवाल्याला उतरवून पावती फाडायचे आणि वर चहापाणी. जकात बंद झाली म्हणतात, मग हे काय चाललंय? महापालिकेत तक्रार करा.

पंचवटी

दादा, जकात शहराची होती, ही केंद्राची. महापालिकेला यातलं काही जात नाही.

सिडको

माझं उलटं झालं. पार्सल मागवलंच नव्हतं आणि मेसेज आला, "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ४९ रुपये भरा." भाऊ जर्मनीत असल्यानं मला खरं वाटलं. लिंकवर कार्डाचा नंबर टाकला आणि पाच मिनिटांत १८ हजार गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला लगेच फोन केला, काही रक्कम गोठवली गेली, बाकीची अजून नाही. आता कुणीही पैसे मागितले की आधी एअरवे बिलचा नंबर विचारते आणि कंपनीची साइट स्वतः टाइप करून तपासते. ड्युटीचे पैसे कोणा माणसाच्या यूपीआयवर मागितले तर तिथंच फोन ठेवते.

अंबड एमआयडीसी

माझा छोटा वर्कशॉप. तैवानहून मशीनचा सेन्सर मागवला, केवायसीला घाईत आधार कार्ड पाठवलं. ड्युटी भरली, सगळं सुरळीत. सीएनं विचारलं, आयजीएसटीचं क्रेडिट कुठंय? बिल ऑफ एंट्रीवर माझा जीएसटी नंबरच नाही, पार्सल माझ्या वैयक्तिक नावावर सुटलेलं! नऊ हजार गेले. धंद्यासाठी मागवत असाल तर माल निघण्याआधीच जीएसटी नंबर आणि आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, कळवा. विषय जरा वेगळा आहे, पण डोकं फिरलंय म्हणून लिहिलं.

इंदिरानगर

पोस्टानं आलेल्या पार्सलचा अनुभव बरा आहे. पोस्टमननं कस्टमची चिठ्ठी दाखवली, पैसे घेतले, पावती दिली. पण मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून इथं यायला तीन आठवडे. आणि कॉलेज रोडच्या दादा, परत पाठवायचा सल्ला जपून द्या. मी एकदा नाकारलं, तर परतीचं भाडं पाठवणाऱ्या मैत्रिणीच्या कार्डावर पडलं. अजून ती टोमणे मारते.

गंगापूर रोड

चार फोन आणि दोन ईमेलनंतर पीडीएफ आली. वाहतूक: ८५ डॉलर. पंचवटीचे काका, दंडवत!

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, "ड्युटी कस्टमनं ठरवली आहे, आम्ही फक्त भरली."

पंचवटी

आकडा त्यांनीच दाखल केलेला असतो, हे त्यांना लेखी विचारा. परतावा मागायला ड्युटी भरल्यापासून एक वर्ष मिळतं, पण बिल त्यांनी दाखल केलंय, त्यामुळे त्यांच्या सहकार्याशिवाय अवघड आहे. तेवीसशेसाठी लोक शेवटपर्यंत जात नाहीत. मी नोकरीत असताना अशा रकमेचे परतावे फार थोडे पाहिले.

गंगापूर रोड

ईमेल पाठवलाय, सोमवारी परत फोन करते. सासूबाई म्हणतात, लेकीला सांग, पुढच्या वेळी नुसता व्हिडिओ कॉल कर. बूट मात्र एक नंबर लहान आलेत.