मदत हवी आहे: वॉशिंग मशीन पाणी भरत असतानाच 'धुणं झालं' असा मेसेज येतो

गच्चीवाला (इंदूर): आमचं मशीन टॉप लोड, हीटर नसलेलं, गच्चीवरच्या खोलीत आहे. त्याची शिट्टी खाली ऐकू येत नाही. पावसाळ्यात ओले कपडे तासन्‌तास आत राहून कुबट वास मारतात, आणि ते बघायला आई गुडघेदुखीत दोन-दोनदा जिना चढते. म्हणून ESP32 ला SCT-013-030 हा क्लॅम्प लावला (30 अँपियरला 1 व्होल्ट देणारा) आणि ESPHome चढवलं. करंट पाच मिनिटं 0.3 अँपियरच्या खाली राहिला की मोबाईलवर मेसेज येतो.

धुताना 1 ते 2 अँपियर दिसतात, ते ठीक. पण टाकी मशीनच्या जेमतेम तीन फूट वर असल्यामुळे पाण्याला जोर नाही. खळबळायचं पाणी भरायला नऊ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मेसेज येऊन जातो. काल आई वर जाऊन पाहते तर कपडे साबणातच!

सोपान_का: पाचाची पंधरा मिनिटं करा, विषय संपला. माझं दोन वर्षं असंच चाललंय.

गच्चीवाला: दादा, करून पाहिलं. काम होतं, पण मेसेज पंधरा मिनिटं उशिरा येतो. शिवाय टाकी अर्धी असली की भरायला सतरा मिनिटंही लागतात.

मेघना_त: यावरून गीझरचं बिल कळेल का? आमच्याकडे दोन महिने बिल फार येतंय.

तारकाम: मेघनाताई, साधारण कळेल, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे प्रश्न वेगळा आहे.

गच्चीवाले, मशीनचा प्लग काढून ठेवल्यावर आकडा किती दिसतो?

गच्चीवाला: 0.08 ते 0.12 च्या मध्ये नाचत राहतो. क्लॅम्प बिघडलाय का?

तारकाम: क्लॅम्प चांगला आहे. 30 अँपियरच्या क्लॅम्पमधून 0.1 अँपियरला फक्त 3 मिलिव्होल्ट येतात, आणि ESP32 च्या ADC ची स्वतःची थरथरच तेवढी असते. पाणी भरताना मोटर बंद असली तरी पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल चालू असते, ती चारेक शतांश अँपियर ओढते. तुमच्या आकड्यांत ती बुडून जाते.

म्हणून एकच फेज वायर क्लॅम्पमधून पाच वेळा फिरवून घ्या. क्लॅम्पला करंट पाचपट दिसेल, थरथर मात्र तेवढीच राहील. मशीनच्या कॉर्डला हात लावू नका. वेगळा तीन वायरींचा एक्स्टेन्शन घ्या, प्लग काढून फक्त बाहेरचं आवरण सोला आणि फेजचे वेढे घाला. आतल्या वायरीचं इन्सुलेशन कुठेही खरचटता कामा नये, अर्थिंग तशीच राहू द्या, आणि सगळं बंद डब्यात ठेवा. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये गेल्या तर आकडा शून्याजवळ येईल.

रोहिणी_बडोदे: ज्यांचं फ्रंट लोड आहे त्यांनी हे जसंच्या तसं करू नये. आमच्या मशीनचा हीटर 9 अँपियर घेतो. पाच वेढ्यांनी ते 45 होतात, लाटेचं टोक ADC च्या मर्यादेबाहेर जातं आणि आकडे खोटे येतात. मी दोनच वेढे ठेवले.

गच्चीवाला: केलं! आकड्याला पाचाने भागून: मशीन स्वस्थ असताना 0.03, पाणी भरताना 0.07. आता हद्द 0.05 ठेवली आहे:

```yaml
binary_sensor:
  - platform: template
    name: "Washing"
    lambda: return id(amps).state > 0.05;
    filters:
      - delayed_off: 3min
```

पण एक अडचण उरली. 'भिजवणे' चालू असताना मोटरही बंद आणि व्हॉल्व्हही बंद, म्हणजे पुन्हा 0.03. तेव्हा चुकीचा मेसेज येतो.

सोपान_का: स्वस्थ मशीन 0.03 घेतं म्हणजे सात वॅट! चोवीस तास? प्लग काढत जा.

तारकाम: सोपानकाका, 0.03 ला 230 ने गुणून वॅट निघत नाहीत. क्लॅम्प करंट मोजतो, आणि यातला बराचसा मशीनमधल्या फिल्टर कपॅसिटरचा असणार. खरे वॅट हवे तर व्होल्टेजही सोबत मोजावं लागेल.

गच्चीवाले, भिजवणं नेहमी पहिल्या पिळण्याच्या आधी असतं. पिळताना करंट थांबत नाही, धुताना मात्र मोटर उलटसुलट फिरते म्हणून दर काही सेकंदांनी खाली येतो. तेव्हा सलग साठ सेकंद करंट 0.3 अँपियरच्या वर राहिला की 'पिळलं' अशी खूण ठेवा, आणि ती खूण असेल तरच 'झालं' म्हणा. मेसेज गेला की खूण पुसा.

गच्चीवाला: आज तीन धुण्यांत तिन्ही मेसेज वेळेवर आले. आई एकदाच वर गेली. मात्र तिसऱ्या वेळी मधेच लाइट गेली असती आणि ESP32 ती खूण विसरला असता, तर? आमच्याकडे पावसात हे रोजचं आहे.

रोहिणी_बडोदे: `globals` मध्ये `restore_value: yes` करून पाहा. माझी शंका उलटी आहे: लाइट आल्यावर तुमचं मशीन पुढे चालू होतं की पहिल्यापासून? पहिल्यापासून असेल तर जुनी खूण पुन्हा भिजवण्यात फसवेल.

गच्चीवाला: हे पाहिलंच नाही. उद्या चादरींच्या धुण्यात मुद्दाम मधेच स्विच बंद करून बघतो.