शब्दचर्चा: बॅलेकोर

रानजाई: एका बुटीकच्या कॅटलॉगचं मराठी करतेय. त्यात बॅलेकोर असा विभाग आहे आणि त्याखाली रॅप कार्डिगन, अंगाला चिकटून बसणारं लिओटार्ड, टूलचा स्कर्ट, रिबिनी, सगळं फिक्या गुलाबीत. मी 'बॅले नृत्याचे पोशाख' लिहिलं तर त्या बाई म्हणाल्या नाही, हे घालून कुणी नाचणार नाहीये. मग काय लिहू?

भाऊसाहेब_क: कोर म्हणजे गाभा. बॅलेवाल्यांना पोटाचे स्नायू मजबूत लागतात, त्यालाही कोरच म्हणतात. व्यायामाचे कपडे असणार.

तालमीतली: पोटाचं खरंय भाऊ, पण इथला कोर वेगळा. तो हार्डकोरमधून तुटून आलाय, २०१४ च्या आसपास नॉर्मकोर गाजलं, म्हणजे मुद्दाम साधे कपडे, आणि मग खेड्यातल्या घरासारखं कॉटेजकोर वगैरे, म्हणजे अमुक जगाचा थाट अंगावर आणणं. बॅलेकोर २०२२ ला म्यू म्यू या फॅशन ब्रँडच्या सॅटिनच्या चपट्या बुटांनंतर जोरात आलं. आणि रानजाई, मुख्य गोष्ट म्हणजे हा थाट बराचसा स्टेजवरचा नाही, तालमीच्या खोलीतला आहे. रॅप कार्डिगनच बघ, अंग गरम होईपर्यंत घालायचं आणि घाम आला की काढायचं, डोक्यावरून काढावं लागत नाही म्हणून अंबाडा विस्कटत नाही, आणि कमरेशी संपतं म्हणून पायांची रेष शिक्षकांना दिसत राहते.

रानजाई: म्हणजे बाळाच्या झबल्यासारखं, एक पदर दुसऱ्यावर आणि बंद?

तालमीतली: हो, 'बंदाचं कार्डिगन' लिही, छान आहे. फक्त घेताना बघ, चांगल्या कार्डिगनला बाजूच्या शिवणीत एक फट ठेवलेली असते, आतल्या पदराचा बंद त्यातून बाहेर येऊन कमरेभोवती फिरतो. स्वस्तातल्यात दोन्ही पदर आतून शिवून टाकतात आणि वरून नुसता बो लावतात. ते कमी-जास्त करता येत नाही आणि छातीशी फुगतं.

सईची_आई: आमच्या मुलीच्या गॅदरिंगला परीचा ड्रेस शिवून घेतला होता, नेट इतकं टोचलं की ती रडायला लागली. टूल म्हणजे तेच नेट ना?

तालमीतली: जात तीच ताई, पण बहुतेक तुमच्या टेलरने कॅनकॅनचं नेट वापरलं, जे घागऱ्याला घेर यावा म्हणून आतून लावतात. ते कडक असतं. टूल मऊ, मुठीत चुरगळून सोडलं की खाली लोळतं, कडक नेट तसंच उभं राहतं, दुकानात एवढंच करून बघायचं. बॅलेकोरचा स्कर्ट पोटरीपर्यंत, प्रत्येक थराचा घेर कमरेच्या साधारण अडीच-तीनपट, तीन थर पुरतात. खाली दुमडायची गरज नाही, टूलचे धागे सुटत नाहीत. पण कमरेची शिवण उघडी ठेवली की तीच टोचते, तिच्यावर सॅटिनची पट्टी मारायला सांगा आणि आत सुती अस्तर.

भाऊसाहेब_क: लिओटार्ड तरी बॅलेचंच ना?

तालमीतली: वापर हो, नाव नाही. ज्यूल लेओतार हा फ्रेंच कसरतपटू, १८५९ ला पॅरिसच्या सर्कशीत झुल्यावरून झुल्यावर उड्या मारायचा, त्याचं नाव कपड्याला नंतर चिकटलं. आणि रानजाई, कॅटलॉगमध्ये खाली बटणं असलेलं काही असेल तर त्याला बॉडीसूट म्हण, लिओटार्डला खाली बटणं नसतात. गिऱ्हाइकाला बाथरूममध्ये फरक कळतोच, आधी कळलेला बरा.

शिंपला: बो मात्र मला पटत नाही. पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे बॅलेचे बूट, त्यांच्या रिबिनीची गाठ घोट्याच्या आतल्या बाजूला मारून टोकं खोचून टाकतात, काही लोंबत नसतं. लोंबणारे बो म्हणजे कोकेट, ती लाडिक मुलीसारखी वेगळी फॅशन. आणि तो पीच-गुलाबी रंगही नुसता गोड म्हणून आलेला नाही, गोऱ्या कातडीशी जुळावा, पाय आणि बूट एकच रेष दिसावी म्हणून आला. सावळ्या नर्तिका वर्षानुवर्षं बुटांना फाउंडेशन फासत आल्या, लंडनच्या फ्रीड या बूट कंपनीने बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेसोबत तपकिरी पॉइंट शूज काढले ते २०१८ ला.

रानजाई: हे माहीतच नव्हतं. मग आपल्याकडच्या कॅटलॉगात गुलाबीच का?

शिंपला: तेच म्हणतेय, आपल्या रंगाला तपकिरी किंवा बदामी लिओटार्ड जास्त बॅलेचं दिसेल.

तालमीतली: हेतू तुझा बरोबर, पण बाजारात बॅलेकोर म्हटलं की लोक गुलाबीच शोधतात, तपकिरी ठेवलं तर ओळखणार नाहीत. मी गुलाबी ठेवीन, फक्त धुरकट, बेबी पिंक नको. बोवर मात्र शिंपलाशी सहमत.

रानजाई: सध्या 'बॅलेकोर: तालमीच्या थाटातले रोजचे कपडे' असं लिहिते. टूल स्कर्टचं मात्र अडतंय, तो तर स्टेजवरचा ना?

तालमीतली: हो, तालमीत शिफॉनचा छोटा बांधायचा स्कर्ट असतो. टूल यात बसतो की नाही यावर माझंही मत पक्कं नाही.